“मावशी, जिना हलतोय”

गेल्या दिवाळीत माझ्या भाचीच्या काकांनी कॅलिफोर्नियाहून येताना तिच्यासाठी व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा हेडसेट आणला. भाची नऊ वर्षांची. फराळाची ताटं उचलली गेली, तशी ती दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहिली. डोळ्यांवर ते पांढरं खोकं, दोन्ही हातांत कंट्रोलर. आम्हा बाकीच्यांना ती हवेत हात मारताना दिसत होती, पण ती स्वतः एका जंगलावरून उडत होती. पाऊण तासाने तिने हेडसेट काढला आणि खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला हे सगळं सांगायला धावत सुटली. दुसऱ्याच पायरीवर तिचा पाय चुकला. कठडा हातात आला म्हणून थोडक्यात निभावलं. खाली बसून ती म्हणाली, “मावशी, जिना हलतोय.”

अर्ध्या तासात ती ठीक झाली आणि रात्री अनारसे खाताना सगळं विसरूनही गेली. मी मात्र विसरले नाही. “डोळ्यांच्या इतक्या जवळ पडदा, आता हिला चष्मा लागणार,” असं तिच्या आजीचं म्हणणं होतं. “काही होत नाही, सगळी मुलं खेळतात,” असं काकांचं. पुढचे काही महिने मी या विषयावर जे वाचलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बसून जे समजून घेतलं, त्यातून एवढं कळलं की आजींची भीती भलत्या जागी होती आणि काकांचा निर्धास्तपणाही. लक्ष द्यायला हवं ते तिसऱ्याच ठिकाणी.

आधी आजींच्या भीतीकडे पाहू. हेडसेटमधला पडदा डोळ्यांपासून दोन-तीन इंचांवर असतो, हे खरं आहे. पण पडदा आणि डोळा यांच्यामध्ये एक जाड भिंग असतं. एरवी दोन इंचांवरचं अक्षर आपल्याला वाचता येत नाही, ते धूसर दिसतं. भिंग पडद्यावरून येणारे किरण अशा रीतीने वळवतं की ते दीड-दोन मीटरवरून आल्यासारखे डोळ्यात शिरतात. बहुतेक हेडसेटमध्ये हे अंतर एक ते दोन मीटरच्या दरम्यान ठरवलेलं असतं. आपण १.३ मीटर धरून चालू. म्हणजे डोळ्याच्या दृष्टीने चित्र नाकाला चिकटलेलं नसतं, ते खोलीच्या मध्यावर असतं.

डोळ्यातल्या भिंगाला फोकस करायला किती जोर लावावा लागतो, हे डायॉप्टरमध्ये मोजतात. चष्म्याचा नंबर ज्या मापात सांगतात तेच हे माप. हिशेब सोपा आहे: एक भागिले मीटरमधलं अंतर. मूल पलंगावर आडवं पडून मोबाइल २० सेंटिमीटरवर धरतं, तेव्हा त्याच्या डोळ्याला ५ डायॉप्टर जोर लावावा लागतो. हेडसेटमध्ये १.३ मीटरवरचं चित्र पाहताना पाऊण डायॉप्टरच्या आसपास पुरतो. फोकसच्या श्रमांपुरतं बोलायचं, तर पांघरुणात शिरून पाहिलेला मोबाइल हेडसेटपेक्षा सहा-सात पट जड आहे.

दूरचं न दिसण्याचा, म्हणजे ‘मायनस’ नंबर वाढण्याचा संबंध दीर्घकाळ जवळून पाहण्याशी आणि त्याहून अधिक घराबाहेरच्या उजेडात कमी वेळ घालवण्याशी जोडला जातो. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये तरुण माणसांना ४० मिनिटं हेडसेट घालायला लावून डोळ्यांची मोजमापं घेतली. डोळ्याच्या आतल्या पडद्यामागे रक्तवाहिन्यांचा एक थर असतो. मायनस नंबर वाढण्याकडे डोळ्याचा कल असेल, तर हा थर पातळ होताना दिसतो. इथे तो उलट किंचित जाड झाला होता. एवढ्यावरून हेडसेट नंबर कमी करतो असं कुणी म्हणू नये, कारण ती मुलं नव्हती आणि तो एका बैठकीपुरता परिणाम होता. पण दोन इंचांवरच्या पडद्याने चष्मा लागतो, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही.

आधार मिळतो तो दुसऱ्या गोष्टीला. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं चाललेला एक मोठा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर घेतला. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागलेला होता, तर नेहमीप्रमाणे चाललेल्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. चाळीस मिनिटांच्या उन्हाने एवढा फरक पडला. तेव्हा नंबरापुरता हेडसेटचा दोष असेल, तर तो मैदानावरचे तास खाण्याचा. आणि त्यात मोबाइल, टीव्ही आणि शिकवणीचा वर्गही भागीदार आहेत.

हेडसेटचा स्वतःचा, दुसऱ्या कोणत्याही पडद्यात एवढ्या ठळकपणे न दिसणारा प्रश्न वेगळा आहे, आणि तो समजून घ्यायला एक पेन पुरतं. पेन हातभर अंतरावर उभं धरा आणि त्याच्या टोकाकडे पाहत ते हळूहळू नाकाकडे आणा. डोळ्यांत दोन गोष्टी एकदम घडतात. दोन्ही डोळे आत, नाकाकडे वळतात आणि त्याच वेळी आतलं भिंग फुगीर होऊन फोकस जवळ आणतं. वळणं आणि फोकस ही बैलगाडीला जुंपलेल्या जोडीसारखी एकाच जुवाखाली चालतात. एक हलला की दुसरा आपोआप हलतो. मेंदूने हे बालपणीच पक्कं केलेलं असतं, कारण खऱ्या जगात दोन्हींचं अंतर नेहमी एकच असतं.

हेडसेटमध्ये ही जोडी फुटते. माझ्या भाचीच्या जंगलात एक फुलपाखरू उडत उडत तिच्या नाकासमोर २० सेंटिमीटरवर आलं, असं समजा. तिच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर ५४ मिलिमीटर आहे (हे आम्ही नंतर मोजून घेतलं). इतक्या जवळचं फुलपाखरू एकच दिसावं म्हणून तिच्या दोन डोळ्यांच्या नजरांमध्ये सुमारे १५ अंशांचा कोन व्हावा लागतो. १.३ मीटरवरच्या वस्तूसाठी हाच कोन जेमतेम अडीच अंश असतो. म्हणजे डोळे चांगलेच आत वळले. सवयीप्रमाणे फोकसही त्यांच्यामागून ५ डायॉप्टरपर्यंत धावू पाहतो. पण चित्राचे किरण अजून १.३ मीटरवरूनच येत आहेत. फोकस जवळ आला तर फुलपाखरू धूसर होतं, आणि फोकस मागे नेला तर डोळेही मागे सरकू पाहतात आणि एकाची दोन फुलपाखरं होतात. मग मेंदू जोर लावून एकाला आत आणि दुसऱ्याला बाहेर धरून ठेवतो. एक फुलपाखरू उडून गेलं की संपलं, पण खेळात अशी फुलपाखरं, तलवारी आणि चेंडू मिनिटामिनिटाला येत असतात.

या ओढाताणीचा त्रास खरा आहे, हे अमेरिकेतल्या बर्कली इथल्या मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं. त्यांनी एक खास यंत्र बनवलं, ज्यात डोळे वळण्याचं अंतर आणि फोकसचं अंतर वेगवेगळं ठरवता येत होतं. बाकी चित्र तेच ठेवून फक्त ही दोन अंतरं एकमेकांपासून दूर नेली की माणसांना खोली ओळखायला जास्त वेळ लागे, बारीक खोली कळेनाशी होई आणि डोळे दमत. त्याआधी, १९९३ मध्ये, मार्क मॉन-विल्यम्स या संशोधकाने दोन सहकाऱ्यांबरोबर २० तरुणांना त्या काळचे ओबडधोबड हेडसेट अवघी दहा मिनिटं घालायला दिले होते. तेवढ्यातही दोन डोळे मिळून काम करण्यावर ताण आल्याच्या खुणा त्यांना दिसल्या. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

मुलांच्या बाबतीत इथे एक फसवी गोष्ट आहे. दहा वर्षांच्या मुलाची फोकस करण्याची ताकद मोठ्या माणसाच्या मानाने प्रचंड असते. नाकापासून तीन इंचांवरचं अक्षरही त्याला वाचता येतं. त्यामुळे चाळिशीतल्या काकांचे डोळे वीस मिनिटांत दुखू लागतात, पण मूल तक्रार करत नाही. ते ताण रेटत राहतं. तक्रार नाही म्हणजे ताण नाही, असं आपण समजतो, आणि तिथे चुकतो.

बहुतेक मुलांचा हा ताण हेडसेट काढल्यावर थोड्या वेळात उतरतो. पण काही मुलांच्या डोळ्यांत तिरळेपणा दबा धरून असतो. त्यांचे डोळे आत किंवा बाहेर सरकू पाहत असतात आणि मेंदू त्यांना सतत सरळ ओढून धरत असतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. दूर पाहण्यासाठीही फोकसचा जोर लावावा लागतो अशा, म्हणजे ‘प्लस’ नंबर असलेल्या मुलांमध्ये हे जास्त आढळतं, आणि हा नंबर साध्या तपासणीत लपून राहतो. अशा डोळ्यांवर जुवाची ओढाताण पडली, तर मेंदूची पकड सुटू शकते. डोळ्यांचे डॉक्टर आजही उल्लेख करतात ती घटना जपानमधली आहे. पाच वर्षांचाही न झालेला एक मुलगा लाल-हिरव्या चष्म्यातून त्रिमितीय चित्रपट पाहून आला आणि त्याचा एक डोळा आत वळला तो वळलेलाच राहिला. १९८८ मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली. एका मुलाच्या उदाहरणावरून लाखो मुलांविषयी निष्कर्ष निघत नाही, पण सहा वर्षांखालच्या मुलांना त्रिमितीय पडद्यांपासून दूर ठेवा, असं जे अनेक ठिकाणी सांगितलं जातं, त्यामागे अशाच कोवळ्या वयाची काळजी आहे. दोन डोळ्यांनी मिळून खोली पाहण्याची कला बाळाला चौथ्या-पाचव्या महिन्यापासून येऊ लागते आणि सात-आठ वर्षांपर्यंत ती पक्की होत असते.

तिरळेपणाचा विषय निघाला, तर मोबाइलही सुटत नाही. दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये ७ ते १६ वयाच्या १२ मुलांची हकीकत मांडली. ही मुलं निदान चार महिने, रोज चार तासांहून अधिक वेळ मोबाइल अगदी जवळ धरून पाहत होती, आणि त्यांचे डोळे अचानक आत वळले होते. मोबाइल बंद केल्यावर सगळ्यांचा तिरळेपणा कमी झाला, तरी काहींना शस्त्रक्रिया करावी लागली. मला यातून वेळेचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. त्या बारा जणांची सवय एका दिवाळीतल्या पाऊण तासाची नव्हती. ती महिनोन्‌महिने, रोजची होती.

आता मुलांवर झालेल्या प्रत्यक्ष चाचण्या. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातले बाल-नेत्रतज्ज्ञ लॉरेन्स टायक्सन यांनी ४ ते १० वयाच्या ५० मुलांना सोनीचा हेडसेट घालून गरुड होऊन उडण्याचा एक खेळ खेळायला दिला. तीस मिनिटं खेळ, तपासणी, मग पुन्हा तीस मिनिटं. आधी आणि नंतर त्यांनी नजर, नंबर, डोळ्यांची सरळ रेषा, खोलीचं भान आणि तोल मोजला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात दखल घ्यावी असा बिघाड सापडला नाही. पहिल्या दहा मिनिटांतच तीन मुलांनी खेळ सोडला. पाच आणि सहा वर्षांच्या दोन मुलींना गाडी लागल्यासारखं होऊ लागलं, आणि सात वर्षांच्या एका मुलाला हेडसेट टोचत होता आणि कंटाळाही आला होता. टायक्सन यांचं म्हणणं असं की लहान मुलं हे मोठ्यांपेक्षाही चांगलं सोसतात.

आता ते नाव पुन्हा. मॉन-विल्यम्स पुढे इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात होते, आणि १९९३ नंतर चोवीस वर्षांनी, २०१७ मध्ये, तिथल्या चमूने ८ ते १२ वयाच्या २० मुलांना २० मिनिटं हेडसेटवर खेळवून पाहिलं. तिथेही एकंदरीत नजर बिघडली नाही. पण एका मुलाचं खोली ओळखण्याचं भान खेळानंतर लगेच पार विस्कटलेलं सापडलं आणि एका मुलाचा तोल एकदम ढासळलेला. हे परिणाम तात्पुरते होते. तरीही मला ही चाचणी सेंट लुईसच्या चाचणीइतकीच महत्त्वाची वाटते. सरासरी काढली की वीसातली अठरा-एकोणीस धडधाकट मुलं त्या एकाला झाकून टाकतात. पालकाला सरासरी मूल नसतं. त्याला एकच मूल असतं, आणि त्या क्षणी ते जिन्याच्या तोंडाशी उभं असतं.

जिन्याकडे आलोच आहोत, तर तोलाविषयी सविस्तर बोलायला हवं. माझ्या मते मुलांच्या बाबतीत डोळ्यांच्या नंबरापेक्षा तातडीचा प्रश्न हा आहे, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फार कमी होते.

१९७४ मध्ये डेव्हिड ली आणि एरिक अ‍ॅरन्सन या दोघांनी एक विलक्षण प्रयोग केला. त्यांनी भिंती आणि छत असलेली, पण जमिनीपासून सुटी, झोपाळ्यासारखी टांगलेली एक खोली तयार केली. नुकतीच उभी राहू लागलेली, तेरा ते सोळा महिन्यांची बाळं त्यात उभी केली आणि भिंती हलकेच पुढे-मागे सरकवल्या. जमीन जागच्या जागी होती, बाळांना कुणी स्पर्शही केला नव्हता. तरी बाळं डोलू लागली, काही तर धपकन खाली बसली. समोरची भिंत जवळ आली तेव्हा आपण पुढे पडतोय असं त्यांच्या डोळ्यांनी सांगितलं, आणि ती सावरायला मागे झुकून पडली.

उभं राहताना आपल्याला तीन साक्षीदार मदत करतात. डोळे, कानाच्या आतल्या द्रवाने भरलेल्या नळ्या आणि पायांचे तळवे-सांधे. मोठ्या माणसात डोळे खोटं बोलू लागले तर मेंदू उरलेल्या दोघांवर भरवसा ठेवतो. स्टेशनवर शेजारची गाडी सुटली की क्षणभर आपलीच सुटल्यासारखं वाटतं, पण लगेच आपण सावरतो. लहान मुलं डोळ्यांवर फार अवलंबून असतात. तीन साक्षींची तुलना करून खोटी साक्ष बाजूला सारण्याचं कौशल्य सात-आठव्या वर्षापासून येऊ लागतं आणि मोठ्यांच्या तोडीचं व्हायला किशोरवय उजाडतं. हेडसेट म्हणजे डोक्याला बांधलेली ती टांगती खोलीच. चहूकडून दिसणारं सगळं तीच ठरवते. डोळे सांगतात, आपण झाडांवरून उडतोय. कान आणि पाय सांगतात, आपण सतरंजीवर उभे आहोत. या भांडणातून मळमळ येते, घाम फुटतो, चेहरा पांढरा पडतो. घाटात गाडी लागते तेव्हा जे होतं, तेच, फक्त उलट बाजूने. गाडीत कानाला हालचाल कळते आणि पुस्तकात खुपसलेल्या डोळ्यांना कळत नाही. इथे डोळ्यांना कळते, कानाला नाही.

दुसरी गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. आपण मान फिरवतो तेव्हा डोळे तेवढेच उलट फिरतात, म्हणून चालताना समोरची पाटी हलत नाही. कानातल्या नळ्या हे काम सेकंदाच्या शंभराव्या भागात करून घेतात. हेडसेटमध्ये मान फिरवल्यावर चित्र बदलायला किंचित उशीर होतो. हा उशीर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत ठेवण्याची बनवणाऱ्यांची धडपड असते. चित्र मागे राहिलं किंवा भिंगाच्या कडेला वाकलं, तर मेंदू डोळे-कानाचं ते गणित त्या खोट्या जगापुरतं बदलून घेऊ लागतो. जेवढा वेळ जास्त, तेवढं नवं गणित पक्कं. मग हेडसेट उतरला तरी मेंदू काही वेळ तेच गणित वापरतो, आणि मान वळवली की खरं जग तरंगल्यासारखं वाटतं. टायक्सन यांनी हेही तपासलं होतं आणि त्यांच्या तासाभरात असा बिघाड आढळला नाही. माझी भाची जिना हलतोय म्हणाली तेव्हा नेमकं काय झालं, हे तिला तपासून कुणी सांगितलेलं नाही. पण तिचा खेळ उडण्याचा होता, पाय एका जागी आणि उडणं अंगठ्याखालच्या दांडीने. सगळ्यात जास्त त्रास देतात ते असेच खेळ. मॉलमधल्या ‘रोलर कोस्टर’ खुर्च्याही त्याच जातीच्या. उलट ज्या खेळात मूल खरोखर पाऊल टाकतं तेवढंच जग पुढे सरकतं, त्यात तिन्ही साक्षी जुळतात आणि त्रास बराच कमी होतो. हेडसेट घेऊन दिला, एवढ्यावर पालकांचं काम संपत नाही. त्यातला कोणता खेळ, हे पाहायलाच हवं.

हेडसेटच्या मापाविषयीही बोललं पाहिजे. मोठ्या माणसाच्या बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असतं. एका लोकप्रिय हेडसेटमध्ये भिंगांच्या तीनच जागा होत्या, ५८, ६३ आणि ६८. माझ्या भाचीचं अंतर ५४. म्हणजे सगळ्यात आतल्या खाचेत बसवूनही तिचा प्रत्येक डोळा भिंगाच्या मध्यापासून दोन मिलिमीटर आत राहणार. भिंग मध्यावर सर्वांत स्वच्छ असतं, बाजूला धूसर आणि वाकडं. तिच्यावर जे ओझं मोठ्यांपेक्षा जास्त पडत होतं, त्यात याचाही वाटा असणार. शिवाय अर्धा किलोचं खोकं, तेही चेहऱ्याच्या पुढे लोंबणारं. मान पुढे ओढली गेली की हेडसेट गालांवर घसरतो, आणि भिंगांची जागा आणखी चुकते. आमच्या घरी पाऊण तासात ती तीन वेळा हाताने तो वर सारताना मी पाहिली होती. तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता.

खोक्यावर छापलेल्या वयाचं काय? सोनीने आपल्या हेडसेटसाठी १२ वर्षांची मर्यादा ठेवली. मेटाने १३ ची ठेवली होती आणि २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखाली ती १० वर आणली. मुलांचे डोळे त्या वर्षी बदलले नव्हते. तेराचा आकडा अमेरिकेत मुलांची ऑनलाइन माहिती जपण्याच्या कायद्यातही आहे, तेव्हा या मर्यादेत डोळे किती आणि कायदा किती, याचा विचार वाचकांनी करावा. खोक्यावरचं वय हे डॉक्टरांचं प्रमाणपत्र नव्हे, हे मात्र नक्की. आणि वर सांगितलेल्या दोन्ही चाचण्या एका दिवसातल्या, वीस मिनिटांपासून तासाभराच्या आहेत. रोज तीन तास, वर्षभर, असं कुठल्याही मुलाला त्यांत पाहिलेलं नाही. ‘संशोधनात काही सापडलं नाही’ हे वाक्य काकांनी म्हटलं, तर त्यांना एवढंच विचारावं: किती वेळाच्या संशोधनात?

हेच यंत्र औषध म्हणूनही वापरलं जातं, हे सांगितलं नाही तर चित्र अपुरं राहील. आळशी डोळ्यासाठी, म्हणजे एक डोळा मेंदूने वापरणं सोडून दिलेल्या मुलांसाठी, ‘लुमिनोपिया’ नावाच्या उपचाराला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये ४ ते ७ वयासाठी मान्यता दिली. मुलाला हेडसेटमध्ये आवडीचे कार्यक्रम दिसतात, पण चांगल्या डोळ्याला फिके आणि दोन्ही डोळ्यांना निरनिराळे तुकडे झाकून, म्हणजे दोन्ही डोळे एकत्र आल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. पण ते डॉक्टरांनी ठरवून दिलेलं, रोज एक तास, आठवड्यातून सहा दिवस, बारा आठवडे असं मोजकं असतं. डोळ्यांच्या वागण्यावर हेडसेटचा असर होतो, हेच यातून दिसतं. फरक मात्रेचा आहे.

भाचीला आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून डोळे सरकतात का पाहिलं. मोठ्या माशीचं त्रिमितीय चित्र देऊन तिचे पंख चिमटीत धरायला सांगितलं. तिची बोटं कागदाच्या वर, हवेत मिटली, म्हणजे खोलीचं भान ठीक. थेंब टाकून नंबर काढला. सगळं उत्तम निघालं. निघताना डॉक्टर जे म्हणाले ते प्रत्येक पालकाच्या उपयोगाचं आहे. हेडसेटमध्ये सगळ्यांना वस्तू बाहेर आलेल्या दिसतात आणि एखादं मूल “मला तर सपाटच दिसतं” म्हणतं, तर त्याला गप्प बसवू नका, तपासायला आणा. त्या मुलाचा एक डोळा काम करत नसण्याची शक्यता असते, आणि ते लवकर कळलं तर बरं होऊ शकतं. तसंच खेळल्यावर मूल एक डोळा मिटून पाहू लागलं, डोकं तिरकं धरू लागलं, एकाचे दोन दिसतात म्हणालं, फोटोत एक डोळा आत दिसू लागला, तर थांबून पाहण्याची वेळ नाही, लगेच दाखवा.

आता आमच्या घरी असं चालतं. सहा वर्षांच्या धाकट्याला हेडसेट अजिबात नाही. भाचीला एका वेळी वीस मिनिटं, मग दहा-पंधरा मिनिटं विश्रांती, आणि दिवसाला अशा दोनच खेपा. उडण्याचे खेळ बंद, स्वतः हातपाय हलवण्याचे चालू. खेळायच्या आधी ती एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभी राहते, नंतर पुन्हा. नंतर डगमगली, तर तो दिवस संपला. ही काही शास्त्रीय चाचणी नाही, पण मोठ्यांच्या नजरेला जे दिसत नाही, ते यात दिसतं. आणि संध्याकाळी ती खाली मैदानात जातेच.

तुमच्या घरी हेडसेट असेल, किंवा मॉलमध्ये मूल हट्ट धरून त्या खुर्चीत बसलं असेल, तर बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा. डोळ्यांवरून खोकं उतरल्यावर निदान पंधरा मिनिटं त्याला जिन्यावर, सरकत्या जिन्यावर, सायकलवर किंवा रस्ता ओलांडायला एकटं सोडू नका. त्याचा हात धरून बसा.